पावसाळ्यात बूट रोज ओलसर, वास जात नाही, बोटांत चिखल्या: मेश, निट की लेदर?

प्रॉब्लेम आधी सांगतो, कारण घराघरात हाच आहे. जून आला की बूट दुपारपर्यंत आतून चिकचिकीत, संध्याकाळी काढले की कुबट वास, बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी पडून सोलायला लागते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाऊस संपला तरी त्या उकाड्यात तेच चालू. मग माणूस दुकानात जातो, "जास्त ब्रीदेबल द्या" म्हणतो, नवीन जोड घेतो, पंधरा दिवस बरं वाटतं आणि परत तेच. माझ्या भाच्याचं दोन वर्षांत तीनदा असं झालं. तो एका शोरूममध्ये नऊ तास उभा असतो, येता-जाता डोंबिवली लोकलची गर्दी, वर स्टेशनपासून पंधरा-वीस मिनिटं चालणं.

मी बूट बनवणाऱ्या एका युनिटसाठी अप्परचं मटेरियल घ्यायचं काम करतो, म्हणजे बुटाचा पायावर येणारा जो भाग असतो त्याचं कापड आणि लेदर. मेशचे रोल रोज हाताखालून जातात. त्यामुळे जुलैत तो आमच्याकडे राहायला आला आणि एकदा सकाळी सात वाजता त्याच्या बुटात हात घातला तर इनसोल, म्हणजे तळव्याखालची आतली गादी, गार आणि ओलसर लागलं तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा नीट प्रकाश पडला. तो दिवसभराच्या घामाला दोष देत होता, पण पोरगं सकाळी ओला बूटच घालून निघत होतं. म्हणजे कालचा घाम वाळायच्या आत आजचा घाम त्यात पडतोय आणि हे सलग चार महिने. असं असेल तर अप्पर कितीही जाळीदार घ्या, वास जाणारच नाही.

म्हणून तुमचा प्रॉब्लेम कुठला ते आधी ओळखा. सकाळी मोजे घालायच्या आधी इनसोलखाली, पुढे बोटांच्या जागेपर्यंत हात घाला. तिथे कोरडं आणि खोलीइतकंच कोमट लागलं तर तुमचा बूट रात्रीत वाळतोय, मग दिवसा घाम बाहेर जात नाही हा वेगळा विषय, त्यात अप्पर बदलून फरक पडतो. पण हाताला गार लागलं तर तिथे पाणी आहे, कारण पाणी उडत असलं की गारवा लागतो, आणि मग प्रश्न वाळवण्याचा आहे. बहुतेक जणांचा हा दुसराच असतो आणि ते पैसे पहिल्यावर घालवतात.

आता दमट हवेत नेमकं काय होतं ते थोडक्यात. घाम उडून जायला पायाजवळची वाफ आणि बाहेरच्या हवेतली वाफ यांच्यात फरक लागतो, जितका फरक जास्त तितकी ओढ जास्त. मे महिन्यात नागपूरला 43 डिग्री असली तरी हवा कोरडी ठणठणीत असते, तिथे ही ओढ जबरदस्त, बूट भराभर वाळतात. जुलैत मुंबई-ठाण्यात किंवा रत्नागिरीला 29 डिग्री आणि 85 टक्के दमटपणा धरला तर हीच ओढ साधारण निम्म्यावर येते. शून्य होत नाही हे लक्षात घ्या, कारण पायाची कातडी हवेपेक्षा गरम असते. पण रात्री बूट पायात नसतो, तो खोलीइतकाच गार असतो, त्यामुळे ही ओढ अजून खूप कमी होते आणि रात्रीचे आठ तास पुरत नाहीत. म्हणून नागपूर-सोलापूरच्या माणसाने चांगला म्हटलेला बूट कोकणात चांगला ठरेलच असं नाही, ऑनलाईन रिव्ह्यू वाचताना माणूस कुठला आहे ते आधी बघा.

दुसरी गोष्ट, तळव्याला भरपूर घाम येतो आणि अप्पर आहे वरच्या बाजूला. तळव्याखाली फोमचं इनसोल, त्याखाली रबर किंवा ईव्हीए नावाच्या फोमचा सोल, तिथून हवा कुठेच जात नाही. म्हणजे तळव्याचा घाम आधी मोज्यात, मग इनसोलमध्ये बसतो, आणि त्यातला थोडासाच वर चढून अप्परमधून बाहेर पडतो. हे मी नुसतं बोलत नाही, आम्ही घरच्या वजनकाट्यावर मोजलं, एक ग्रॅमचा फरक दाखवणारा साधा किचनचा काटा, वर पेपर टाकून.

भाच्याकडे जाळीचा मेश, विणलेला निट आणि लेदर, तिन्ही प्रकारचे जोड होते. तिन्ही त्याने न भिजलेल्या दिवशी, म्हणजे पाऊस नसताना, सारख्याच मोज्यांवर एकेक दिवस वापरले आणि आम्ही फक्त उजवा बूट तोलला. मेशचा बूट पूर्ण कोरडा 274 ग्रॅम होता, रात्री घरी आल्यावर 292. म्हणजे 18 ग्रॅम घाम आत राहिला, आणि इनसोल काढून वेगळं तोललं तर त्यातले 9 ग्रॅम एकट्या इनसोलमध्ये होते. अर्धा! तो बूट तसाच, इनसोल आत ठेवून, दाराजवळ रॅकमध्ये ठेवला तर सकाळी 281, अजून 7 ग्रॅम बाकी. दुसऱ्या दिवशी तेवढाच घाम आल्यावर इनसोल काढून, जीभ पुढे ओढून, फॅनखाली ठेवला तर सकाळी 275. एवढाच फरक आहे बघा, बूट तोच, माणूस तोच, फक्त इनसोल बाहेर आणि वारा लागला.

निटचा बूट 248 वरून 270 झाला, म्हणजे 22 ग्रॅम, आणि सकाळी 259. यात इनसोल चिकटवलेलं होतं, काढताच येत नव्हतं, फॅनखाली ठेवूनही 11 ग्रॅम उरले. लेदरचा ऑफिस बूट 431 वरून 452, दुसऱ्या सकाळी 444, तिसऱ्या सकाळी 437, चौथ्या सकाळी कुठे 433 वर आला. तुमचे आकडे वेगळे येतील, पाय वेगळा, बूट वेगळा, पण घरी काटा असेल तर तीन दिवस हे कराच, अंदाजापेक्षा फार लवकर कळतं. पैसे काही लागत नाहीत.

आता एकेक अप्पर घेतो.

मेश म्हणजे जाळीचं कापड, बहुतेक पॉलिस्टर. पॉलिस्टरचा धागा स्वतः पाणी जवळपास पीतच नाही, त्यामुळे नुसती जाळी झटकली तरी अर्धी वाळते. पण दुकानात जे "मेश" म्हणून मिळतं ते नुसती जाळी क्वचितच असते. बाहेर जाळी, मधे दोन-तीन मिलिमीटर फोम, आत अस्तर, असे तीन थर एकत्र चिकटवलेले असतात, आमच्याकडे रोल येतात तेच असे लॅमिनेट होऊन येतात. फोममुळे बूट मऊ लागतो, आकार छान दिसतो, शिवायला सोपं जातं, म्हणून कंपन्या घालतात. आणि घाम त्याच फोममध्ये बसतो. वरून परत चमकदार प्लास्टिक फिल्मचे पट्टे आणि डिझाईन उष्णता देऊन चिकटवतात, त्या खालची भोकं सगळी बंद. बाहेरून बघून हे अजिबात कळत नाही, भोकं तर ढळढळीत दिसतात.

ओळखायचं कसं तर दोन गोष्टी करा. एक, दुकानातच मोबाईलचा टॉर्च लावून बुटाच्या आत पुढे सरकवा आणि वरून बघा. प्रकाशाचे बारीक बारीक ठिपके दिसले तर हवा आरपार जातेय, नुसता धूसर उजेड दिसला तर मधे फोम आहे, आणि काळं दिसलं तर तिथे फिल्म किंवा कडक तुकडा आहे. दोन, बोटांच्या वरचा भाग चिमटीत धरा. चार-पाच मिलिमीटरचा स्पंजसारखा लागला तर तो या हवेत वाळणार नाही, पातळ कापडासारखा लागला तर घ्या. पुढच्या टोकाला आणि टाचेला थोडं कडक असणारच, आकार टिकायला तिथे आतून कडक पट्टी घालतातच, प्रश्न मधल्या भागाचा आहे, जिथे बोटं वाकतात तिथला.

घरी असाल तर अजून एक परीक्षा आहे, ती भाच्याला दाखवली तेव्हा त्याला पटलं. नॅपकिन कडकडीत पाण्यात भिजवून घट्ट पिळायचा, बुटात पुढे कोंबायचा, बुटाचं तोंड दुसऱ्या कोरड्या फडक्याने बंद करायचं आणि बोटांच्या जागेवर दोन बोटं उंचीवर स्टीलची ताटली धरायची. ताटली फ्रिजमधली नको, नाहीतर आपल्या हवेत ती तशीच घामेजते आणि तुम्ही फसता. त्याच्या मेशच्या बुटावर ताटलीवर लगेच वाफ धरली, पण फक्त मधल्या पट्ट्यात, दोन्ही बाजूंना जिथे फिल्मचं डिझाईन होतं तिथे ताटली स्वच्छ. निटवर वाफ आली पण सावकाश. त्याच्या ऑफिसच्या काळ्या बुटावर पाच मिनिटं धरूनही काहीच नाही.

निट म्हणजे स्वेटरसारखं विणलेलं अप्पर. 2012 साली नाईकीने फ्लायनिट आणि आदिदासने प्राईमनिट आणलं आणि मग सगळ्यांनीच तसं काढलं. ते मोज्यासारखं पायाला बसतं, शिवण टोचत नाही, रुंद पंजाच्या माणसाला खरंच सुख आहे, मी नाव ठेवत नाही. पण विणकामात धागा फुगीर असतो, शेकडो बारीक धाग्यांच्या मधल्या फटींत पाणी ओढून धरलं जातं, धागा पॉलिस्टरचा असला तरी. म्हणून कोरड्या गरमीत निट छान, वारा लागतो आणि पाणी उडतं, पण दमट हवेत ते पाणी तिथेच बसून राहतं. त्यात नुसतंच पाय सरकवायचा, घोट्यापर्यंत येणारा, जीभ नसलेला निट बूट असेल तर अजून वाईट, कारण चालताना प्रत्येक पावलाला बुटाच्या तोंडातून थोडी हवा आत-बाहेर होत असते आणि इथे ते तोंड घोट्याला गच्च बसलेलं. आणि वाळवायला उघडता पण येत नाही. भाच्याने "सगळ्यात हवेशीर" म्हणून तिसरा जोड हाच घेतला होता आणि चिखल्या त्याच जोडावर वाढल्या. पावसात निट पाणी पिऊन सैल होतं, पाय आत सरकतो, उतरत्या ओल्या जिन्यावर सांभाळून. निटच हवा असेल तर लेस असलेला, पंज्यावर उघड उघड भोकं विणलेला, इनसोल निघणारा बघा, आणि ऑक्टोबर हीटपासून मेपर्यंत वापरा, पावसात ठेवून द्या.

लेदरबद्दल लोकांचं एकच मत असतं की गरम होतं. अर्धं खरं आहे. चांगलं फुल ग्रेन लेदर, म्हणजे कातड्याचा वरचा मूळ थर तसाच ठेवलेलं, आतून पण लेदरचं अस्तर असलेलं, हे वाफ शोषून घेतं आणि हळूहळू बाहेर सोडतं, शिवाय बराच ओलावा पोटात घेऊनही ते हाताला ओलं लागत नाही. म्हणून असा बूट दिवसभर पायाला मेशपेक्षा गरम पण कोरडा लागू शकतो. अडचण अशी की आपल्याकडे ऑफिससाठी जे चकाचक काळे बूट मिळतात ते बहुतेक करेक्टेड ग्रेन, म्हणजे वरचा थर घासून त्यावर रंग-प्लास्टिकचं जाड कोटिंग दिलेलं, किंवा सरळ रेक्झिन. त्यातून वाफ जवळपास जात नाही, ताटलीवर दिसलंच. आत परत सिंथेटिक अस्तर. तो बूट म्हणजे पायाला पिशवी बांधल्यासारखं. ओळख साधी आहे, बूट वाकवून सुरकुतीकडे नीट बघा: खऱ्या फुल ग्रेनला बारीक, वेड्यावाकड्या सुरकुत्या आणि कुठेतरी रोमछिद्रं दिसतात, जाड कोटिंगला एकसारख्या मोठ्या घड्या पडतात आणि पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत असतो.

आणि फुल ग्रेन घेतलं तरी रोज एकच जोड घालता येत नाही, वरचे आकडे बघा, भाच्याच्या कोटिंगवाल्या बुटाला तीन रात्री लागल्या, फुल ग्रेनलाही एक रात्र पुरत नाही. म्हणजे लेदर घालायचं तर किमान दोन जोड, एक दिवसाआड. एक महागाचा घेण्यापेक्षा त्याच पैशात मध्यम किमतीचे दोन घ्या असंच मी सांगेन. भिजलं तर वर्तमानपत्राचे बोळे आत कोंबा, दोन-तीन तासांनी बदला, रात्रभर तेच ओले बोळे ठेवले तर उलट ओल कोंडते. हेअर ड्रायर, गीझरवर ठेवणं, गॅसजवळ ठेवणं नको, लेदर कडक होऊन तडकतं आणि सोलचा गोंद सुटतो. उन्हाची एक तिरीप आली तर बाहेर ठेवायचा मोह होतो, पण सावलीत वाऱ्याला ठेवा. आणि पावसाळाभर कपाटात बंद करून ठेवू नका, बुरशी येतेच. हिरवट-पांढरी बुरशी आली तर घराबाहेर कोरड्या फडक्याने पुसा, वाऱ्याला पूर्ण वाळवा, मगच पॉलिश, बुरशीवर पॉलिश लावलं तर खाली ती तशीच राहते.

भाच्याला फॉर्मल सक्तीचं आहे, त्यामुळे "मेश घाल" हे उत्तर त्याच्या कामाचं नव्हतं. आम्ही काय केलं ते सांगतो. प्रवासाला त्याचा तो मेशचाच जोड ठेवला, फक्त त्यातलं जाड इनसोल काढून पातळ, भोकांचं, धुता येणारं इनसोल टाकलं आणि त्याचे दोन सेट घेतले, एक वाळत असतो. ऑफिसला लेस असलेले फुल ग्रेनचे काळे बूट, लेदर अस्तराचे, ते शोरूममध्येच लॉकरमध्ये राहतात. तिथे दिवसभर एसी असतो आणि एसीने हवा कोरडी होते, त्यामुळे लॉकरबाहेर कपाटावर तासभर जीभ उघडी टाकून ठेवले तरी घरच्या रात्रभरापेक्षा चांगले वाळतात. ज्यांच्या घरी बेडरूममध्ये एसी आहे त्यांनी पण बूट पुसून त्याच खोलीच्या कोपऱ्यात ठेवावेत, दाराबाहेरच्या रॅकमध्ये नाही. आमच्या वहिनींना ते आधी चाललं नाही, पण वास गेल्यावर काही बोलल्या नाहीत.

मोजे बदलले. तो जाड सुती घालत होता, सुती मोजा घाम पितो आणि धरून बसतो. पातळ, नायलॉन-पॉलिस्टर मिक्स, घाम पसरवणारे घेतले आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत दुसरा जोड. हा दुपारचा बदल क्षुल्लक वाटतो पण संध्याकाळी इनसोलचं वजन 9 ऐवजी 5 ग्रॅमच वाढलं, कारण उरलेला घाम पहिल्या मोज्याबरोबर पिशवीत गेला.

वासाचं कारण पण इथेच आहे. घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो, कातडीवरचे जंतू घाम आणि मेलेली कातडी खाऊन ते आंबट, चीजसारखा वास येणारं आम्ल तयार करतात, आणि त्यांना ओल लागते. म्हणून सेंट, पावडर, स्प्रे मारून वास दोन तास दबतो, ओल तशीच. इनसोल साबणाने धुऊन पूर्ण वाळवा, पूर्ण म्हणजे काट्यावर कोरड्या वजनाला येईपर्यंत. अर्धवट वाळलेलं परत टाकलं तर न धुतल्यापेक्षा वाईट.

चिखल्यांचं मात्र बुटावर सोडू नका. अंघोळीनंतर बोटांच्या बेचक्या एकेक करून टिपून कोरड्या करा, आठवड्यात कमी झाल्या नाहीत तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. मेडिकलवाल्याकडून खाज लगेच थांबवणारी मिक्स क्रीम आणू नका, त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं, खाज थांबते आणि बुरशी आत पसरते, भाच्याने आधी तेच केलं होतं. डायबिटीस असेल तर पहिल्याच दिवशी डॉक्टर. आणि रस्त्यावर पाणी तुंबलं असेल तर मेश, निट, लेदर कुठलंच कामाचं नाही, पायाला चीर असेल आणि त्या पाण्यातून चाललात तर लेप्टो तापाची भीती असते, गमबूट घाला, आणि तसंच चालावं लागलं तर डॉक्टरांना लगेच विचारा.

एक शंका मला नेहमी विचारतात, वॉटरप्रूफ मेश घेऊ का. त्यात आत एक पापुद्रा असतो जो पाणी अडवतो आणि वाफ सोडतो असं म्हणतात, आणि थंड, कोरड्या ठिकाणी तो सोडतो पण. आपल्या जुलैत बाहेरच वाफ इतकी असते की आतली बाहेर फार कमी जाते, वर घोट्यावरून पाणी आत शिरलं की ते बाहेर पडायला वाट नाही. मुंबई-कोकणात मी घेणार नाही. सह्याद्रीत थंडीत ट्रेकला गोष्ट वेगळी.

भाच्याचा मेशचा बूट आता रोज सकाळी तो स्वतः तोलतो, नवीन पातळ इनसोलसकट कोरडं वजन 266 आहे. गेल्या आठवड्यात पाच दिवसांत चार दिवस 266-267 आला. एक दिवस 273 होता, त्या रात्री लाईट गेली होती आणि फॅन बंद होता, मग तो दुसरा जोड घालून गेला.